मोठीला सूट मिळेल, धाकट्याला नाही

*ताई, नमस्कार. आम्ही यंदा पुण्याहून डब्लिनला आलो. मुलगी पुण्यात सातवी पास होऊन आली आणि ऑगस्टअखेर इथे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला लागली. सप्टेंबरमध्ये तिला तेरा पूर्ण झाली. मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, प्राथमिकच्या तिसरीत. दोघांनाही आयरिश भाषा सक्तीची आहे. मुलगी म्हणते, “बाकीचे आठ वर्षं शिकून आलेत, मला एक अक्षर कळत नाही.” शाळेच्या ऑफिसात विचारलं तर “नाताळनंतर बघू” म्हणाले. शेजारच्या मराठी काकू म्हणतात की मानसशास्त्रज्ञाचा रिपोर्ट आणला की दोघांनाही सूट मिळते, त्यांच्या मुलीला मिळाली होती. अर्ज नक्की कसा करायचा? आणि सूट घेतली तर पुढे कॉलेजला अडेल का?*
*– दोन मुलांची आई, डब्लिन*

काकूंचं म्हणणं एका काळी बरंचसं बरोबर होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आयरिशमधून सूट देण्याचे नियम बरीच वर्षं नव्वदच्या दशकातल्या परिपत्रकांवर चालले. त्यात परदेशातून आलेल्या मुलांसाठी वयाची मर्यादा अकरा होती, आणि वाचन-लेखनाच्या अडचणीवरून सूट हवी असेल तर मानसशास्त्रज्ञाचा अहवाल लागायचा. २०१९ मध्ये हे बदललं. अकराचे बारा झाले आणि अहवालाची अट गेली. २०२२ मध्ये पुन्हा नवी परिपत्रकं आली. प्राथमिकसाठी 0054/2022 आणि माध्यमिकसाठी 0055/2022, हे दोन आकडे लिहून ठेवा. शाळेशी बोलताना “आमच्या ओळखीच्यांना मिळाली होती” म्हणण्यापेक्षा या क्रमांकाला वजन आहे. काकूंची मुलगी जुन्या नियमात बसली असेल. तुमच्या मुलांना तो लागू नाही, आणि रिपोर्टवर पैसे घालवायचं तर मुळीच कारण नाही.

आपल्याकडच्या पालकांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. सूट मागताना आपण मुलाचे हाल सांगतो: भाषा नवी आहे, रडतो, झोप लागत नाही, इंग्रजी, फ्रेंच आणि घरची मराठी धरून आधीच किती ओझं आहे. हे सगळं खरं असतं, पण परदेशातून आलेल्या मुलाच्या अर्जात मुख्याध्यापकांना यातलं काहीच मोजायचं नसतं. त्यांना दोनच गोष्टी बघायच्या असतात. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत, किंवा प्राथमिक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षापर्यंत, मुलाचं शिक्षण आयर्लंडच्या बाहेर झालं का? आणि त्या काळात त्याला आयरिश शिकायची संधीच नव्हती, हे खरं का? दोन्हींची उत्तरं कागदावर “हो” आली की सूट बसते. मग मूल भाषेत हुशार असो वा नसो, त्याने फरक पडत नाही.

आता तुमची मुलगी बघा. आयर्लंडमधल्या शाळेत तिचं नाव पहिल्यांदा लागलं तेव्हा ती बारा वर्षं आणि जवळजवळ अकरा महिन्यांची होती. त्याआधी पहिली ते सातवी पुण्यात, आणि पुण्याच्या शाळेत आयरिश कोण शिकवणार? ती नियमात सरळ बसते.

मुलगा साडेआठचा. तो बसत नाही, आणि पुढेही या कारणाने बसणार नाही. बाराचा झाला की आपोआप सूट मिळेल असं काहींना वाटतं. पण बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण बाहेर झालेलं असायला हवं, आणि त्याचं तर आतापासून इथेच चाललंय. तुम्ही मधेच पुण्याला परतलात, सलग तीन वर्षं किंवा जास्त तिकडे राहिलात आणि तो बारा पूर्ण झाल्यावर पुन्हा इथल्या शाळेत आला, तर मात्र परतून आलेल्या मुलांचं वेगळं कलम आहे. सूट मिळावी म्हणून कोणी एवढा संसार हलवणार नाही, पण काही कारणाने तसं झालंच तर लक्षात असू द्या.

वाचन-लेखनाच्या अडचणीचा रस्ता धाकट्यासाठी बंद नाही, पण तो तुमचा रस्ताही नाही. त्यासाठी शाळेने बराच काळ जादा मदत देऊनही अडचण तशीच राहिल्याची नोंद असावी लागते. शिवाय शाळेच्या प्रमाणित चाचणीत वाचन, आकलन किंवा शुद्धलेखन अशा एखाद्या बाबतीत मूल दहाव्या शतमकावर किंवा त्याखाली असावं लागतं, म्हणजे साधारण शंभरातल्या शेवटच्या दहांत. भाषा नवी आहे ही अडचण या कलमात मोजलीच जात नाही. त्याला इंग्रजी कमी पडत असेल तर त्यासाठी वेगळी मदत शाळेत मिळते, ती हक्काने मागा. पण तिचा आयरिशशी संबंध नाही.

आता अर्ज. ऑफिसातल्या बाई “नाताळनंतर बघू” म्हणाल्या, कारण तुम्ही तोंडी विचारलंत. तोंडी विचारलेल्याची नोंद कुठेच होत नाही. अर्ज लेखी हवा आणि तो मुख्याध्यापकांच्या नावे हवा. वर्गशिक्षक किंवा ऑफिसच्या नावे नको, कारण निर्णय मुख्याध्यापकांचाच असतो. मंत्रालय किंवा परीक्षा मंडळाकडे काही पाठवायचं नाही. ईमेल चालतो, आणि तारीख आपोआप राहते म्हणून तोच बरा.

मजकूर पाऊण पानाच्या वर जाऊ देऊ नका. इंग्रजीतच लिहा आणि या क्रमाने लिहा. पहिल्या वाक्यात मुलीचं नाव, वर्ग आणि परिपत्रक 0055/2022 प्रमाणे आयरिशमधून सूट मागत असल्याचं. दुसऱ्यात जन्मतारीख आणि तुमच्या शाळेत नाव लागल्याची तारीख, दोन्ही एकाच ओळीत, म्हणजे वय मोजायला त्यांना पान उलटावं लागणार नाही. मग पहिली ते सातवी ती कोणत्या शाळेत, कोणत्या गावात, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होती ते. शाळा बदलली असेल तर दोन्ही. शेवटी, या काळात तिला आयरिश शिकायची संधी नव्हती आणि आयर्लंडमधल्या कुठल्याही शाळेत याआधी तिचं नाव नव्हतं, हे स्पष्ट. मग “सोबत कागद जोडले आहेत” आणि सही. तिला किती त्रास होतोय हे घालायचा मोह होईल. घालू नका. त्याने अर्ज भक्कम होत नाही, उलट मुख्याध्यापक ते वाचून “मग आपण जादा मदतीचा तास लावू” अशा दिशेला जातात आणि मूळ मागणी बाजूला पडते.

कागदांमध्ये सगळ्यात कामाचा आपला शाळा सोडल्याचा दाखला. आपण तो फाइलमध्ये खुपसून ठेवतो, पण मुख्याध्यापकांना हवं ते बहुतेक सगळं त्या एका पानावर असतं: जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, शाळेत प्रवेश घेतल्याची तारीख, कोणत्या इयत्तेतून शाळा सोडली आणि कधी. आधी तो नीट वाचून घ्या. प्रवेशाची तारीख पहिलीची नसून मधल्या इयत्तेची असेल, तर आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तकं जोडावी लागतील, नाहीतर दोन-तीन वर्षांची पोकळी दिसते आणि मग प्रश्न येतात. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळतंय का तेही बघा. आपल्याकडे दाखल्यावर आधी आडनाव, मग मुलीचं, मग वडिलांचं नाव असतं, आणि इथल्या माणसाला त्यातलं आडनाव कोणतं हे कळत नाही. अर्जात एक ओळ घातली की झालं. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. सोबत जन्मदाखला आणि पासपोर्टची प्रत. मूळ दाखला कोणाच्याही हातात देऊन येऊ नका, प्रतच द्या.

अर्ज गेल्यावर मुख्याध्यापक बहुधा तुम्हाला भेटायला बोलावतील आणि सूट घेतल्याचे परिणाम समजावतील. हे नियमाचाच भाग आहे, त्यांना सूट द्यायची नाही असा अर्थ काढू नका. मंजुरी मिळाली की सहीचं प्रमाणपत्र मिळतं आणि शाळा त्याची नोंद शिक्षण विभागाच्या ऑनलाइन प्रणालीत करते. हे प्रमाणपत्र शाळा बदलली तरी चालतं. उद्या तुम्ही कॉर्कला किंवा गॉलवेला गेलात तर पुन्हा अर्ज करायचा नाही, प्रत दाखवायची.

नकार आला तर तोही लेखी मागा, कारणासकट. निर्णयाच्या तारखेपासून तीस दिवसांत अपील करता येतं. हे तीस दिवस कॅलेंडरचे असतात, शाळेचे नाहीत, त्यामुळे नाताळची सुट्टीही त्यातच जाते. अपिलाची समिती तुमच्या मुलीची परीक्षा घेत नाही. शाळेने निर्णय परिपत्रकाप्रमाणे घेतला की नाही, एवढंच ती बघते. म्हणून आधीचा अर्ज नेटका असणं महत्त्वाचं: जे कागद शाळेला दिलेच नव्हते, त्यांच्यावरून शाळा चुकली असं म्हणता येत नाही. पण तुमची केस इतकी सरळ आहे की तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

सूट मिळेल की नाही यापेक्षा ती घ्यावी की नाही, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो. माझं मत: मुलीसाठी घ्या. ज्युनिअर सायकलच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या तीन वर्षांत आयरिशला किमान २४० तास असतात. तिच्या वर्गातली मुलं प्राथमिकची आठ वर्षं ही भाषा रोज शिकून आली आहेत. पुढे लिव्हिंग सर्टला, म्हणजे माध्यमिकच्या शेवटच्या परीक्षेला, चाळीस टक्के गुण तोंडी परीक्षेचे असतात, म्हणजे घोकंपट्टीवर निभावणारा हा विषय नाही. चिकाटीचं मूल हे अंतर कापूही शकतं, अशी मुलं मी बघितली आहेत. पण त्याच वेळी तिला इथलं इंग्रजी, इथला इतिहास आणि पहिल्यांदाच सुरू झालेली फ्रेंच किंवा स्पॅनिशही पकडायची आहे. फ्रेंचमध्ये ती सगळ्यांबरोबर शून्यापासून सुरू करतेय. माझ्या मते २४० तासांतले बरेचसे तिकडे जाणं शहाणपणाचं.

पण ते तास जाणार कुठे, हे शाळेला आत्ताच विचारून घ्या. सूट मिळालेल्या मुलासाठी वेगळा शिक्षक किंवा वेगळा तास देणं शाळेवर बंधनकारक नाही. काही शाळांत अशी मुलं ग्रंथालयात बसतात, काहींत इंग्रजीच्या जादा मदतीच्या तासाला जातात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच आयरिशच्या वर्गात मागच्या बाकावर दुसरा अभ्यास करत बसतात. मागच्या बाकाचं प्रकरण तेरा वर्षांच्या मुलीला खुपतं, “ही कोण विशेष?” असं बघणारे असतातच. भेटीच्या वेळी सरळ विचारा: त्या तासाला ती कुठे बसेल, काय करेल आणि तिच्याकडे कोण बघेल? उत्तर “बघू” असलं तर तुम्हीच सुचवा. फ्रेंचचा गृहपाठ किंवा इंग्रजी वाचन असं ठरलेलं काम असलं की तास वाया जात नाही.

सूट म्हणजे बंदी नव्हे, हेही मुलीला सांगा. तिला वाटलं तर ती वर्गात बसून शिकू शकते, आणि पुढे सूट सोडून विषय घेऊही शकते. तसं करणारी मुलं कमी, पण आहेत.

आता कॉलेज. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंडची म्हणून जी विद्यापीठं आहेत – युसीडी, कॉर्कचं युसीसी, गॉलवे आणि मेनूथ – त्यांच्या प्रवेशाला लिव्हिंग सर्टमध्ये आयरिश लागते. इथे आपली बहुतेक माणसं घाबरतात. पण आयर्लंडबाहेर जन्मलेल्यांना या विद्यापीठांच्या बाबतीत आयरिशमधून वेगळी सूट मिळते, आणि शाळेचं प्रमाणपत्र असलेल्यांनाही मिळते. अडचण एवढीच की ती आपोआप लागत नाही. शाळेची सूट शाळेपुरती असते आणि विद्यापीठाची सूट त्यांच्याकडे वेगळा अर्ज करून घ्यावी लागते. माध्यमिकच्या पाचव्या-सहाव्या वर्षाला हे करायचं आहे, आत्ता नाही, पण प्रमाणपत्राशेजारी चिठ्ठी लावून ठेवा. प्रवेशाच्या धांदलीत नेमकं हेच राहून जातं. ट्रिनिटीला आयरिश लागत नाही, पण इंग्रजी सोडून आणखी एक भाषा लागते. म्हणून फ्रेंच किंवा स्पॅनिश मात्र सोडू देऊ नका. सूट मिळालेली मुलं दोन-तीन वर्षांनी “आता ही पण नको” म्हणतात, आणि खरी अडचण तिथे होते.

एक दार मात्र खरोखर बंद होतं: प्राथमिक शिक्षिकेचं. इथल्या प्राथमिक शिक्षिकेला आयरिश शिकवावी लागते, म्हणून त्या अभ्यासक्रमाला लिव्हिंग सर्टमध्ये वरच्या स्तरावरची आयरिश, तीही चांगल्या श्रेणीची, लागते. तुमच्या मुलीला लहान मुलांना शिकवायची आवड असेल तर हे तिच्याशी आधी बोला, सही नंतर. मेडिकल, इंजिनिअरिंग, कॉमर्स यांच्या वाटेत सूट आडवी येत नाही.

राहिला धाकटा. त्याच्यासाठी अर्ज करूच नका, वेळ जाईल. खरं म्हणजे त्याची स्थिती मोठीपेक्षा पुष्कळ बरी आहे. तिसरीतली आयरिश म्हणजे घर, शाळा, खाणं, कपडे, हवामान असे ठरलेले विषय, बरंचसं तोंडी, आणि त्यालाही लिव्हिंग सर्टपर्यंत नऊ-दहा वर्षं आहेत. शौचालयाला जायची परवानगी मागायचं “अन विल क्यॅड अगम दुल गो दी अन लेहरस” हे वाक्य इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. तुमच्या मुलाला अजून येत नसेल तर आज रात्रीच शिकवा, वर्गात हात वर करताना त्याचा उपयोग होईल.

अडचण त्याची नाही, तुमची आहे: गृहपाठाला तुम्हाला बसता येत नाही. आयरिशचं स्पेलिंग बघून उच्चार कळत नाही, आणि इंग्रजीसारखं वाचायला गेलं की मूल चुकीचंच पाठ करतं. त्यासाठी teanglann.ie या साइटवर शब्द टाकला की तो तीन प्रांतांच्या बोलींत ऐकायला मिळतो. आपल्याकडे विदर्भाची आणि कोकणाची मराठी कानाला वेगळी लागते, तसंच तिथेही. शाळेत कोणती बोली शिकवतात ते बाईंना विचारून तीच ऐकवा. टीजी४ वाहिनीचं मुलांसाठीचं कूला४ आहे. त्याला कार्टून बघायचंच असेल तर निम्मा वेळ ते लावा.

आणि वर्गशिक्षिकेला एक छोटी चिठ्ठी द्या: मुलगा यंदाच आलाय, आयरिश शून्यापासून सुरू करतोय, पहिले काही महिने त्याला शुद्धलेखनाचे दहाऐवजी तीन-चार शब्द द्याल का? बहुतेक शिक्षिका लगेच हो म्हणतात. ही सूट द्यायला कुठलं परिपत्रक लागत नाही.